पाकिटावरचे ५३ आणि ४७

‘कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के’ असे छापलेल्या फिल्टर पावडरीच्या १० ग्रॅममध्ये कॉफी जेमतेम ५.३ ग्रॅम असते. बाकीची चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजून दळलेले मूळ. तिच्यात कॅफिन नसते. पण रंग गडद आणि चव कडवट. त्यामुळे काळाकुट्ट काढा म्हणजे कडक कॉफी, हा समज फसवा. डॉक्टरांनी कॅफिन कमी करायला सांगितले असेल, तर कपातला रंग नव्हे, हा आकडा पाहावा. अशा मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी, असा नियम आहे.

फिल्टर पावडर म्हणजे नुसत्या दळलेल्या बिया. अर्क उतरतो, चोथा मागे राहतो. इन्स्टंटमध्ये हा अर्क कारखान्यातच काढून वाळवलेला असतो, म्हणून ती पूर्ण विरघळते आणि चमचाभर पुरते. तिच्यातही चिकोरी असू शकते, तेव्हा तिथेही टक्केवारी वाचावीच.

फिल्टर पावडर थंड पाण्यावर भुरभुरली, तर कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी तपकिरी रेघ सोडत लगेच बुडते. इन्स्टंटला ही परीक्षा लागू नाही, कारण तिथे सगळेच विरघळते.