२० वॉटच्या सोलर पॅनलवर मोबाइल खरंच किती चार्ज होतो? लाइट गेल्यावरचा आणि गडावरचा हिशेब

अकोले : एप्रिल-मे महिन्यात वळीव आला की आपल्याकडं आधी जाते ती लाइट. कुठं तारेवर फांदी पडते, कुठं खांब कलतो, आणि आडबाजूची वाडी असली की लाइन चालू व्हायला दोन-दोन दिवस लागतात. पहिल्या रात्री मोबाइलचं काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातले सगळे मोबाइल बंद पडतात, आणि मग वायरमनला फोन लावायचं राहिलं बाजूला, घरात कुणाला काही झालं तर १०८ सुद्धा लावता येत नाही. म्हणून बऱ्याच जणांनी घडीचं छोटं सोलर पॅनल घेऊन ठेवलंय. आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकच असते, "वर २० वॉट लिहिलंय, पण दिवसभर उन्हात ठेवलं तरी मोबाइल निम्मासुद्धा भरला नाही."

बहुतेक वेळा पॅनल बिघडलेलं नसतं. पॅनलकडून अपेक्षा जास्त असते आणि जोडणी चुकलेली असते.

२० वॉटचे १२ कसे होतात

पॅनलवरचा आकडा कारखान्यातल्या चाचणीचा असतो. तिथं प्रकाश एकदम कडक, सरळ समोरून, आणि पॅनल मात्र २५ अंशावर थंड ठेवलेलं. आपल्याकडं मे महिन्यात पत्र्यावर टाकलेलं पॅनल हाताला चटका देतं, ते ६० अंशाच्या आसपास जातं. सोलर पॅनलला ऊन पाहिजे, पण उष्णता नको. जितकं तापेल तितकी वीज कमी. एवढ्या तापण्यातच दहातला एखादा हिस्सा, कधी त्याहून जास्त जातो. मग पॅनलच्या मागं जी छोटी डबी असते, जिच्यात यूएसबीची केबल लावतो, ती पॅनलची वीज मोबाइलला चालेल अशी ५ व्होल्टची करते. तिच्यातही थोडी जाते. वर धूळ, तिरपं ऊन हे आहेच. सगळं वजा जाता २० वॉटच्या चांगल्या पॅनलमधून भर दुपारी ११ ते १३ वॉट हातात येतात. सकाळी आठला तर चार-पाचच.

ही झाली खऱ्या २० वॉटची गोष्ट. ऑनलाइन पाहून घेताना आकडा वाचू नका, काळा भाग मोजा. एक फूट लांब आणि एक फूट रुंद एवढ्या काळ्या भागातून चांगल्यातलं चांगलं पॅनलही साधारण २० वॉटच देतं. वहीएवढ्या पॅनलवर कुणी ६० वॉट लिहिलं असेल तर ते खोटं आहे, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पाठीवर छोटं पॅनल चिकटवलेल्या पॉवर बँका मिळतात, त्यांचंही तेच. मोबाइलएवढा काळा भाग म्हणजे फार तर दोन वॉट, हातात एक-सव्वा. १०,००० एमएएचची अशी पॉवर बँक नुसत्या उन्हावर भरायला आठवडा लागेल, आणि आठवडाभर उन्हात भाजून तिच्या आतली बॅटरी खराब होईल ती वेगळीच.

मोबाइल थेट पॅनलला लावू नका

मोबाइल कमी भरण्याचं मोठं कारण हेच. ढगाचा एक तुकडा सूर्यावरून गेला की पॅनलचा जोर एकदम पडतो आणि चार्जिंग तुटतं. ऊन आलं की परत सुरू होतं. प्रत्येक वेळी मोबाइलचा स्क्रीन उजळतो, म्हणजे आलेल्यातली थोडी वीज तिथंच खर्च. त्याहून वाईट म्हणजे काही मोबाइल असा झटका बसल्यावर समोरचा चार्जर कमजोर आहे असं धरून हळू चार्जिंगवर जातात आणि कडक ऊन परत आलं तरी हळूच राहतात. चार्जिंगचं चिन्ह दिसत असतं, आपण निवांत असतो, आणि तासाभरात पाच-सात टक्केच वाढलेले असतात. असं दिसलं तर केबल काढून परत लावा, बऱ्याचदा वेग परत येतो.

दुसरं, मोबाइल उन्हात पॅनलशेजारी पडला की तोही तापतो. ठराविक तापमानाच्या वर गेला की तो स्वतःच चार्जिंग थांबवतो. फास्ट चार्जिंगची तर आशाच सोडा. ३३ वॉट, ६७ वॉट हे आकडे भिंतीतल्या चार्जरचे.

म्हणून दिवसा पॅनलनं पॉवर बँक भरायची, आणि संध्याकाळी पॉवर बँकेनं मोबाइल. मध्ये ढग आला तर पॉवर बँकेला फार फरक पडत नाही. मोबाइलही दिवसभर आपल्या खिशात राहतो. या फेऱ्यात थोडी वीज वाया जाते, पण थेट लावण्यापेक्षा हातात जास्त पडते.

पॉवर बँकही सावलीतच पाहिजे. घडीच्या पॅनलला मागं कप्पा शिवलेला असतो आणि लोक तिथंच पॉवर बँक घालून ठेवतात. तो कप्पा म्हणजे तव्याची खालची बाजू. एक मीटरची जाड, चांगली केबल घ्या आणि पॉवर बँक ओसरीत किंवा पाटीखाली ठेवा. फार लांब आणि बारीक केबलमध्येही वीज मुरते. आणि पॉवर बँक फुगलेली दिसली तर ती वापरणं त्याच दिवशी बंद.

एका सकाळचा हिशेब

आता आकड्यात बघू. १० वॉट एक तास मिळाले की १० वॉट-तास झाले, म्हणजे आपल्या मीटरवरच्या एका युनिटचा शंभरावा भाग. ५,००० एमएएचच्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास मावतात. भरताना थोडे जातात, म्हणून केबलमधून २२-२३ द्यावे लागतात.

वळवाच्या दिवसांत आभाळ दुपारनंतर भरतं, पण सकाळ बहुधा स्वच्छ असते. म्हणून हिशेब सकाळी आठ ते बाराचाच धरायचा. यूएसबी मीटर म्हणून छोटी वस्तू मिळते, केबलच्या मध्ये लावली की व्होल्ट आणि अँपिअर दाखवते, दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट. आमच्या खळ्यावर २० वॉटचं पॅनल मेच्या सकाळी साधारण असं चालतं : आठ ते नऊ ५ वॉट, नऊ ते दहा ८, दहा ते अकरा १०, अकरा ते बारा ११. बेरीज ३४ वॉट-तास. पॉवर बँकेत जाताना आणि निघताना मिळून दहातले तीन जातात. उरले २४.

म्हणजे एका सकाळी एक स्मार्टफोन पूर्ण, किंवा दोन निम्मे-निम्मे, किंवा साधे कीपॅडचे चार-पाच फोन. घरात चार स्मार्टफोन असतील तर एकच चालू ठेवा, बाकीचे बंद. जो चालू ठेवाल त्यात वायरमन, पोलीस पाटील, दवाखाना, सगळ्यांचे नंबर आधी टाकून ठेवा.

मीटर नसेल तरी चाचणी करता येते. १०,०००ची रिकामी पॉवर बँक वरच्या पॅनलनं चार तासांत पाऊण भरली पाहिजे. पाव भरत असेल तर काहीतरी चुकतंय. आधी सावली बघा. पॅनलच्या एका कोपऱ्यावर दोरीची, फांदीची किंवा घमेल्याची सावली पडली तर तेवढ्याच कोपऱ्याची वीज जात नाही. आतले तुकडे एकामागं एक जोडलेले असतात, पाइपावर एका जागी पाय पडावा तसं सगळंच अडतं. मग तिरपेपणा बघा. पॅनलवर पेन सरळ उभा धरा, त्याची सावली जितकी छोटी तितकं पॅनल सूर्याच्या समोर. मेमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर असतो, आडवं ठेवलं तरी चालतं. डिसेंबरात मात्र दक्षिणेला चांगलं उभं करावं लागतं, आणि सकाळी पूर्वेकडं कलतं.

झटका मशीनचं पॅनल चालेल का?

वावरात रानडुकरांसाठी झटका मशीन असतं, त्याचं १२ व्होल्टचं पॅनल बऱ्याच जणांकडं आहे. ते मोबाइलला सरळ जोडायचं नाही. नाव १२ व्होल्ट असलं तरी उन्हात मोकळ्या टोकांवर ते २१-२२ व्होल्ट दाखवतं, मोबाइल जळेल. गाडीत लावायचा १२-२४ व्होल्टचा चार्जर मध्ये घातला तर दिवसा त्यावरून पॉवर बँक भरता येते. उलटसुलट तारा जोडल्या तर तो चार्जर जातो, एवढं सांभाळा.

रात्री मात्र मशीनच्या बॅटरीतून मोबाइल भरायचा मोह टाळा. १२ व्होल्ट ७ अँपिअरच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, ती ४०-४२ वॉट-तास. एक मोबाइल त्यातली निम्म्याहून जास्त ओढतो. पहाटे झटका बंद, आणि डुकरं भुईमुगात.

गडावर नेताना

हरिश्चंद्रगडाला पाचनईवरून एक मुक्काम करून येणाऱ्यांना पॅनलची गरज नाही. घरून भरून आणलेली १०,०००ची पॉवर बँक एक मोबाइल एकदा पूर्ण आणि वर थोडा भरते, आणि ती घडीच्या पॅनलपेक्षा हलकी. सॅकच्या पाठीला पॅनल टांगून चालणारे दिसतात. चालताना त्याचं तोंड कधी झाडाकडं, कधी कड्याकडं. एका जागी ठेवून मिळाली असती त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी वीज मिळाली तरी खूप. तीन-चार दिवसांची चाल असेल तर न्या, पण जेवायला आणि विश्रांतीला थांबाल तेव्हाच दगडावर पसरा. पॅनलवर पाऊस पडला तर ते पुसता येतं, त्यामागची यूएसबीची डबी भिजली की काम संपलं. गडावर रेंज शोधण्यात मोबाइलची जास्त बॅटरी जाते, म्हणून गरज नसताना फ्लाइट मोडवर टाकलेला बरा.

गडावर पिठलं-भाकरीचं दुकान लावून आठवडाभर राहणाऱ्यांना मात्र पॅनल उपयोगी पडतं. तेही पावसाळा सोडून.

कारण जुलैत आपल्याकडं धुकं आणि झड लागली की २० वॉटचं पॅनल दोन-तीन वॉट देतं, कधी मागची डबी चालूच होत नाही. त्या दिवसांत पॅनलवर विसंबू नका. दोन पॉवर बँका ठेवा आणि लाइट असेल तेव्हा दोन्ही भरून ठेवा. पडून राहिलेली पॉवर बँक हळूहळू उतरते, म्हणून महिन्यातून एकदा बघून परत भरायची.