हिंसा वाढली की प्रश्न बदलला?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची सूत्रे ज्या संस्थेकडून हलतात, ती आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आपल्या उपनगरातच, गोवंडी स्थानकाजवळ देवनारला आहे. या सर्वेक्षणातला एक आकडा नीट वाचायला शिकण्यासारखा आहे.

1998-99 च्या दुसऱ्या फेरीत विवाहित (विधवा, घटस्फोटित धरून) स्त्रियांना सरळ विचारले होते, की वयाची 15 वर्षे पूर्ण झाल्यापासून तुम्हाला कोणी मारहाण किंवा शारीरिक छळ केला आहे का? 'हो' म्हणणारीला पुढे विचारले, कोणी? पतीने मारल्याचे सुमारे 19 टक्के स्त्रियांनी सांगितले. 2005-06 च्या तिसऱ्या फेरीत हाच आकडा 35 टक्क्यांवर गेला. सात वर्षांत नवऱ्यांचा हात जवळजवळ दुपटीने सैल सुटला?

तसे म्हणता येणार नाही, कारण मधल्या काळात प्रश्नच बदलला होता. तिसऱ्या फेरीत 'मारहाण' हा शब्द बाजूला ठेवून एकेक कृती विचारली गेली: ढकलले का, हात पिरगळला किंवा केस ओढले का, थप्पड मारली का, लाथ मारली का, गळा दाबला का. सर्वाधिक होकार आला थप्पडेला, 34 टक्के. 'मारहाण होते का?' या प्रश्नाला 'छे, तसं काही नाही' म्हणणारी बाई 'थप्पड मारली का?' या प्रश्नाला मान डोलावू शकते. शिवाय एका प्रश्नाऐवजी सात प्रश्न म्हणजे बोलण्याच्या सात संधी.

म्हणजे नवा प्रश्न चुकीचा नव्हता, उलट वास्तवाच्या जवळचा होता. पण 19 आणि 35 एका आलेखावर जोडले, तर वर चढणारी रेघ हिंसेची किती आणि प्रश्नाची किती, हे सांगता येत नाही.

पुढच्या फेऱ्यांत शारीरिक हिंसेच्या कृतींची यादी तीच ठेवली. म्हणून 2015-16 मधील 31.2 टक्के आणि 2019-21 मधील 29.3 टक्के (18 ते 49 वयोगट, पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा) शेजारी ठेवता येतात.

प्रश्न सुधारायचाच असेल तर एक मार्ग असतो. एकाच फेरीत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून निम्म्या कुटुंबांना जुना, निम्म्यांना नवा प्रश्न विचारायचा. दोन्ही गट सारखेच असल्याने उत्तरांतला फरक प्रश्नाचा, आणि तेवढा वजा केला की जुनी मालिका तुटत नाही. खर्च मात्र वाढतो. भाषांतरालाही हाच नियम लागतो. मराठी प्रश्नावलीत 'थप्पड'ऐवजी 'मारणे' आले, तर इंग्रजी प्रश्न जागचा न हलताही मराठी आकडा हलतो.

पुढच्या वेळी 'अमुक दुप्पट झाले' अशी बातमी दिसली, तर आधी दोन्ही वर्षांच्या प्रश्नावल्या शोधा. त्या अहवालाच्या परिशिष्टात असतात.