दीड टन की दीड किलो?

जर्मनीतल्या कोलोन शहरात दर विषम वर्षी ऑक्टोबरात ‘अनुगा’ हे खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन भरतं. समजा, सांगलीचा एक हळद निर्यातदार तिथे स्टॉल घेऊन बसला आहे. स्पेनमधल्या मुर्सियाहून आलेल्या एक बाई थांबतात. मुर्सिया म्हणजे पिमेंतोनचा, लाल गोड मिरचीच्या भुकटीचा मुलूख; मसाल्याचा धंदा तिथे जुना आहे. बाई राजापुरी हळकुंड हातात घेतात, मोडून आतला रंग बघतात, कर्क्युमिन किती ते विचारतात आणि कार्ड देऊन जातात. बोलणं जेमतेम सात-आठ मिनिटांचं, तेही दोघांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

खरं काम सांगलीला परतल्यावर सुरू होतं. पत्र लिहायचं आहे. डोक्यात मराठी, कागदावर इंग्रजी, आणि वाचणारीच्या डोक्यात स्पॅनिश. या दोन उड्यांत काय सांडतं, ते आधी माहीत असलेलं बरं.

सुरुवात नावापासून. कार्डावर नाव, मग दोन आडनावं. आपण सवयीने शेवटचा शब्द आडनाव धरतो. स्पेनमध्ये बहुधा पहिलं आडनाव वडिलांचं असतं आणि दुसरं आईचं, आणि हाक मारली जाते ती पहिल्याने. टेनिसपटू राफाएल नदाल याचं पूर्ण नाव राफाएल नदाल परेरा. त्याला ‘मिस्टर परेरा’ म्हटलं तर कोण ओळखेल? तेव्हा कार्डावर ‘लोपेस ओर्तेगा’ असेल तर बाई ‘सेन्योरा लोपेस’. इंग्रजी पत्राच्या डोक्यावर ‘एस्तिमादा सेन्योरा लोपेस’ एवढी एक स्पॅनिश ओळ टाकली तर चांगलं दिसतं. मात्र ‘एस्तिमादा’ बाईंसाठी, पुरुषाला ‘एस्तिमादो’. आणि त्यापुढे स्वल्पविराम नाही, अपूर्णविराम. त्यांच्या पत्रांची रीत तशी आहे.

पत्र कुणाकडून इंग्रजीवरून पूर्ण स्पॅनिश करून घेणार असाल, तर आणखी एक गोष्ट भाषांतरकाराला सांगावी लागते. आपल्या मनात ‘आपण’ असतं. इंग्रजीत त्याचं ‘यू’ होतं आणि आदर तिथेच गळतो. स्पॅनिशमध्ये पुन्हा दोन वाटा फुटतात: ‘उस्तेद’ म्हणजे आपण, आणि ‘तू’ म्हणजे चक्क आपलंच ‘तू’, उच्चारासकट. समोर फक्त इंग्रजी असेल तर भाषांतरकार कोणती वाट धरेल याचा भरवसा नाही. स्पेनमधले व्यापारी लवकर ‘तू’वर येतात हे खरं, पण ते त्यांनी आधी यावं. पहिल्या पत्रात ‘उस्तेद’ ठेवा, एवढी सूचना पुरते.

आता आकडे. निर्यातदार लिहितो, पहिल्या ट्रायल ऑर्डरसाठी 1,500 किलो तयार आहे. आपल्या डोळ्यांना तो स्वल्पविराम हजारांचा. स्पेनमध्ये स्वल्पविराम दशांशाचा असतो आणि हजार दाखवायला अनेक जण टिंब देतात. म्हणजे बाईंनी वाचलं दीड किलो. आणि मौज अशी, की दीड किलो हा नमुन्याच्या पाकिटाचा अगदी शोभणारा आकडा! चूक हास्यास्पद असती तर लगेच पकडली गेली असती. शोभणारी चूक पकडली जात नाही. बाई ‘पाठवा’ म्हणतात, इकडे दीड टन माल बाजूला काढला जातो, आणि घोळ बिल हातात पडल्यावर कळतो.

‘3.2 टक्के’ लिहिलं तर काही बिघडत नाही. स्वल्पविराम असो वा टिंब, अर्थ तोच निघतो. गाठ पडते ती चिन्हाच्या पुढे बरोबर तीन आकडे आले की. म्हणून भाव डॉलरला ‘2.150’ असा तीन घरांपर्यंत देऊ नये, 2.15 द्यावा. वजन 1500 असं चिन्हाविना लिहावं आणि शेजारी ‘दीड मेट्रिक टन’ हे इंग्रजी अक्षरांत. खरेदीदार मेक्सिकोचा असता तर ही अडचण आली नसती. तिथे दशांशाला आपल्यासारखंच टिंब वापरतात. भाषा एक, पण आकड्यांची रीत देशागणिक निराळी.

तिसरी सांडासांड शब्दांची. स्पॅनिश माणूस इंग्रजी वाचताना ओळखीचे चेहरे शोधतो, आणि काही चेहरे फसवे असतात. आपण मोठ्या झोकात लिहितो, ‘क्वालिटीत नो कॉम्प्रमाइज’. स्पॅनिशमध्ये ‘कोम्प्रोमिसो’ म्हणजे बांधिलकी, आणि ‘सिन कोम्प्रोमिसो’ ही तिथल्या दुकानदारीतली रोजची बोली, अर्थ ‘कुठलंही बंधन नाही’. आपल्या छातीठोक वाक्याचा अर्थ ‘दर्जाची हमी नाही’ असा लागू शकतो. ‘रिपोर्ट इव्हेंच्युअली पाठवू’ म्हटलं तर त्यांच्या ‘एबेन्तुआलमेन्ते’ला ‘जमलंच तर’ अशी छटा आहे. ‘कुरियर ॲट ॲक्च्युअल’ मधला ‘अक्तुआल’ त्यांच्याकडे ‘सध्याचा’ होतो. आणि आपलं लाडकं ‘प्लीज रिव्हर्ट’? उत्तर द्या, या अर्थाने तो शब्द लंडनमध्येही गोंधळ करतो. स्पॅनिश ‘रेबेर्तीर’ तर पूर्वस्थितीवर नेणं. त्याऐवजी साधं ‘प्लीज रिप्लाय’ लिहावं. ‘कॉम्प्रमाइज’च्या जागी प्रयोगशाळेचा एक पानी अहवाल जोडावा: कर्क्युमिन, ओलावा, कीटकनाशकांचे अंश. युरोपच्या खरेदीदाराला विशेषणापेक्षा तोच हवा असतो.

एफओबी, सीआयएफ ही अक्षरं मात्र बिनधास्त वापरावीत. ती दोन्हीकडे सारखीच वाचली जातात, फक्त पुढे बंदराचं नाव हवं: ‘एफओबी न्हावा शेवा’ किंवा ‘सीआयएफ वलेन्सिया’.

वेळेचं गणितही आहे. 2025 मध्ये अनुगा 8 ऑक्टोबरला संपलं, 12 ला स्पेनचा राष्ट्रीय दिवस, 21 ला आपलं लक्ष्मीपूजन. म्हणजे 13-14 तारखेला पत्र पोचलं, तर त्यांना उत्तर द्यायला आणि आपल्याला ते बघायला दिवाळीआधी आठवडा मिळतो. फोन करायचा तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत स्पेन आपल्या साडेतीन तास मागे, नंतर साडेचार. दुपारी दोन ते चार ही त्यांची जेवणाची वेळ, ती टाळावी.

असं सगळं सांभाळलेलं पत्र छोटंच होतं. मराठीत सांगायचं तर एवढं: ‘सेन्योरा लोपेस, आपण 7 ऑक्टोबरला आमच्या स्टॉलवर राजापुरी हळकुंड मोडून रंग पाहिला होता. आपण विचारलेलं कर्क्युमिन 3.2 टक्के आहे, अहवाल सोबत आहे. नमुना 500 ग्रॅम. तो 15 ऑक्टोबरला कुरियरने निघेल. पहिल्या ऑर्डरसाठी 1500 किलो, म्हणजे दीड मेट्रिक टन, तयार आहे. भाव सीआयएफ वलेन्सिया हवा की एफओबी न्हावा शेवा?’ नमुना ग्रॅममध्ये आणि ऑर्डर टनात सांगितल्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळायची सोय उरत नाही. महिना आकड्यात नाही, नावाने. आणि शेवटी प्रश्न एकच, ज्याचं उत्तर दोन शब्दांत देता येईल.

उत्तर आलं की पहिल्यांदा बघायचं ते हे, की त्यात आपला आकडा त्यांच्या हाताने पुन्हा लिहिलेला आहे का. नुसतं ‘ओके’ आलं असेल तर माल हलवू नये. ऑर्डर किती टनांची, एवढं लिहून मागावं. खाली फक्त ‘उन सालुदो’ असेल तर मनाला लावून घेऊ नये. तो तुटकपणा नव्हे, तो त्यांचा रोजचा ‘कळावे’ आहे.