पाचवीचा निरोप, तीन मिनिटांत

पाचवीनंतर मुलांचं नेमकं काय बदलतं? महाराष्ट्राच्या शिक्षणहक्क नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत, तर सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं धरलं आहे. म्हणजे वाट लांबते. शिवाय सगळे विषय शिकवणाऱ्या एका बाईंऐवजी तासागणिक वेगळे शिक्षक येतात.

निरोपाच्या भाषणात बाईंनी हेच बोलावं.

"मुलांनो, पहिलीत तुम्ही पाटीवर नाव गिरवत होतात, आता भागाकाराचा पडताळा स्वतः घेता. नव्या शाळेत काही अडलं तर बिनधास्त हात वर करा. वाटेत सोबतीनं चला. आणि गणिताची वही जपून ठेवा, सहावीत उजळणीला लागेल."

एवढं पुरे. भाषण लांबलं की मुलं चुळबुळतात आणि दाखला न्यायला आलेल्या पालकांशी बोलणं राहून जातं.