सुरक्षा एजन्सीला द्यायची नोटीस

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीला आपली वॉचमनची एजन्सी बदलायची आहे. करारनाम्याचे कलम १४ सांगते की कोणताही पक्ष कारण न देता ३० दिवसांच्या लेखी सूचनेने करार संपवू शकतो. ५ जूनला कार्यकारिणीने ठराव केला. सेक्रेटरींनी पत्राचा पहिला मसुदा लिहिला : ‘तुमचे वॉचमन रात्री झोपतात, वारंवार सांगूनही सुधारणा नाही, म्हणून ३० जूनपासून काम बंद.’

राग खरा असेलही, पण हे पत्र सोसायटीलाच अडचणीत आणते. कलम १४ ला कारण लागतच नाही. आरोप लिहिला की तो सिद्ध करण्याची पाळी येते, आणि बऱ्याच करारांत दोषासाठी वेगळे कलम असते. त्यात आधी सुधारणेची मुदत द्यावी लागते. एजन्सी मग तेच कलम पुढे करते. तक्रारी मांडायच्याच असतील, तर त्यांचे पत्र वेगळे लिहावे.

दुसरी चूक तारखेची. सूचनेचे दिवस पत्र लिहिल्यापासून नव्हे, साधारणपणे ते समोरच्याला मिळाल्यापासून मोजतात, आणि मिळाल्याचा दिवस सोडून. पत्र ६ जूनला एजन्सीच्या कार्यालयात हातोहात दिले, तर ७ जून हा पहिला दिवस आणि ६ जुलै हा तिसावा. ३० जूनला काम थांबवले, तर उरलेल्या सहा दिवसांचे पैसे एजन्सी हक्काने मागेल. पत्र टपालाने जाणार असेल, तर शेवटची तारीख आठवडाभर पुढची धरावी.

दुरुस्त मसुदा एवढाच होतो :

‘दि. १ ऑक्टोबर २०२४ च्या करारनाम्यातील कलम १४ नुसार ३० दिवसांची सूचना देऊन आम्ही सदर करार समाप्त करीत आहोत. दि. ६ जुलै २०२५ हा सेवेचा शेवटचा दिवस राहील. त्या दिवशी रात्री ८ वाजता सर्व चाव्या व नोंदवह्या सोसायटीच्या ताब्यात द्याव्यात. तोपर्यंतचे देयक कराराच्या दराने अदा केले जाईल. करारातील आमचे हक्क अबाधित आहेत.’

देयकाचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. महिन्याचे बिल ६२,००० रुपये असेल, तर जुलैच्या सहा दिवसांचे १२,००० होतात. ते मिळणार हे लेखी असले, की वॉचमनच्या पगाराची टाळाटाळ करायला एजन्सीला निमित्त उरत नाही. शेवटचे दिवस त्याच माणसांच्या भरवशावर काढायचे असतात.

पत्रावर ठरावात अधिकार दिलेल्या पदाधिकाऱ्याची सही हवी, आणि ते करारात दिलेल्या पत्त्यावरच जायला हवे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पुरेसा मानू नका. दुसऱ्या प्रतीवर एजन्सीचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. ती पोच करारनाम्याच्याच फायलीत लावा.