फॉरवर्ड करण्याआधी लिहायच्या चार ओळी

समजा, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक आवाहन येतं. सोलापूरहून पुण्याच्या रुग्णालयात आणलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे, शस्त्रक्रियेसाठी साडेतीन लाख लागणार आहेत, खाली क्यूआर कोड आहे. पाठोपाठ हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागते. कुणी हजार रुपये पाठवतं, कुणी तो मजकूर तसाच पुढे ढकलतं.

एक जण मात्र आधी रुग्णालयात फोन करतो आणि मग आवाहनाच्या वर लिहितो: ‘आज सकाळी चौकशी केली. मुलगी दाखल आहे, शस्त्रक्रिया गुरुवारी आहे. अजून सव्वा लाख कमी पडतात. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यावर भरता येतात. रुग्णालय धर्मादाय आहे. घरच्यांनी आजच तिथल्या समाजसेवा विभागात जावं.’

यातलं शेवटचं वाक्य कदाचित सगळ्यात मोठी देणगी ठरेल. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खालील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल, तर तिथल्या आरोग्यमित्राला भेटावं. या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात.

अडचण वेळेची असते. योजनेची मंजुरी ठरावीक उपचारांनाच मिळते. शस्त्रक्रिया होऊन बिल भरून झाल्यावर ती मागायला गेलं, तर बहुतेकदा हाती काही लागत नाही. राखीव खाटा भरलेल्याही असतात. म्हणून ही माहिती दाखल होतानाच पोहोचायला हवी, आणि घरच्यांना ती सांगणारं अनेकदा कुणीच नसतं.

टिपेतली तारीखही तितकीच मोलाची. मुलगी बरी होऊन घरी गेली तरी तारीख नसलेलं आवाहन महिनोन्‌महिने फिरत राहतं. त्याच फोटोखाली दुसराच क्यूआर कोड चिकटवून पैसे लाटणारेही असतात. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. ते आवाहनातल्या नावाशी किंवा रुग्णालयाशी जुळत नसेल, तर थांबून रुग्णालयाला विचारावं. फोनचा नंबर मात्र आवाहनातला घेऊ नये, रुग्णालयाच्या संकेतस्थळावरचा घ्यावा.

टीप लिहिणाऱ्याने मुलीच्या आजाराचे कागद किंवा वडिलांचा मोबाइल नंबर घरच्यांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये. आणि गुरुवारी शस्त्रक्रिया झाली, रक्कम जमली, की त्याच ग्रुपवर एक ओळ यावी: ‘आता पैसे पाठवू नका, मुलगी अतिदक्षता विभागातून बाहेर आली आहे.’