‘तीन टक्के’ ऐकून खूश होताय?

ओंकारला नवा फोन हवा होता. खिशात पैसे नव्हते, पण कर्ज देणाऱ्या एका ॲपवर ‘फक्त ३ टक्के व्याज’ असं झळकत होतं. बँक मात्र १२ टक्के सांगत होती. तुम्ही कुठे गेला असतात? त्यानेही तेच ठरवलं, आणि वर आजीला ऐकवलं, “बघ, बँकेपेक्षा चारपट स्वस्त!”

आजी शेंगा सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, “महिन्याचं का वर्षाचं?”

इथेच पठ्ठ्या गडबडला. खाली बारीक अक्षरात ‘दरमहा’ लिहिलेलं होतं.

आजी गेली कित्येक वर्षं बचत गटाचा हिशेब लिहिते. तिने वही मागवली. “२० हजारांना शेकडा तीन म्हणजे महिन्याला किती?”
“६००.”
“नुसतं व्याज भरत राहिलास आणि मुद्दल तशीच ठेवलीस, तर बारा महिन्यांचे?”
“७,२००.”
“आणि बँकेचे?”
बँकेचे १२ टक्के वर्षाचे, म्हणजे २,४००. महिन्याला जेमतेम एक टक्का. तीनला बाराने गुणलं की ३६ होतात, एवढं साधं गणित ओंकारने केलंच नव्हतं. (खरं सांगायचं तर, मीही क्रेडिट कार्डाच्या बाबतीत कधी केलं नव्हतं.)

“पण अगं, तुमच्या गटातही दोन टक्केच घेता ना?”
“घेतो की. वर्षाला चोवीस होतात, हे आमच्यातल्या प्रत्येकीला पाठ आहे. आणि ते व्याज आमच्याच गटात राहतं.”

मग आजीने पुढचं पान उलटलं. “आता समज, तू व्याजही भरलं नाहीस.” पहिल्या महिन्याला २० हजारांचे २०,६०० झाले. दुसऱ्या महिन्याचे तीन टक्के या २०,६०० वर लागतात, म्हणून ६०० ऐवजी ६१८. आकडा २१,२१८. पुढचे महिने ओंकारने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मोजले. वर्षाअखेर साधारण २८,५१५! म्हणजे ३६ नाही, जवळपास साडेबेचाळीस टक्के. त्यात उशिराचा दंड अजून धरलेलाच नाही.

तुम्ही कर्ज घेताना एक कागद नक्की मागा, ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तो द्यावाच लागतो आणि त्यात ‘एपीआर’ म्हणजे वर्षाचा दर असतो, प्रोसेसिंग फीसारखे खर्च धरून. दोन कर्जांची तुलना करायची तर याच आकड्याची करा.

ओंकारने तो कागद उघडला. प्रोसेसिंग फी ६०० रुपये, तीही आधीच कापून. म्हणजे हातात येणार १९,४०० आणि व्याज मात्र पूर्ण २० हजारांवर. एपीआर ३६ च्याही वर.

“मग, फोनचं काय?” आजीने विचारलं.
“जुन्याची बॅटरी बदलून घेतो.”
“घे. आणि त्या शेंगा घे इकडे, निम्म्या तू सोल.”